शंभरात एकवीस

नोरीन ट्यूही एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. प्रार्थनेला गुडघे टेकले तरी तिचे अंगठे एकमेकांभोवती फिरत असत. मॉरवेलच्या आमच्या चर्चमागच्या खोलीत दर मंगळवारी ती बायकांना शिकवायची, आणि मी, मर्ल गॅफनी, कोपऱ्यात टाइपरायटर घेऊन बसायची. चहा माझ्याकडे, कागद माझ्याकडे, आणि नोरीनची चिडचिडही माझ्याकडेच.

शिकवायची काय, तर गोळी न घेता, रबर न वापरता, मूल कधी राहू शकतं आणि कधी नाही हे ओळखायचं. एकोणसत्तर साली मेलबर्नला जाऊन ती हे शिकून आली, आणि तेव्हापासून आमच्या गावातल्या निम्म्या कॅथलिक बायकांच्या अंगाच्या आतल्या गोष्टी तिला त्यांच्या नवऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक होत्या. दुकानात बटाटे निवडत असतानाही एखादी कानाशी येऊन विचारायची, "नोरीन, कालपासून निसरडं वाटतंय गं, ते धरायचं का?" आणि नोरीन बटाटा हातात धरून म्हणायची, "ताणून बघितलंस? तुटतंय की तार निघतेय?"

अंगावरून जातं ते रोज बघायचं. काही दिवस कोरडे जातात. मग चिकट, दाटसर येतं. मग पातळ, स्वच्छ, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, बोटांत धरलं तर तार निघेल असं. हे निसरडे दिवस धोक्याचे. शेवटचा निसरडा दिवस कुठला होता हे तो संपल्यावरच कळतं, आणि त्यानंतर आणखी तीन दिवस थांबायचं. लिहिता न येणाऱ्यांसाठी रंगीत तिकिटं होती: लाल पाळीचं, हिरवं कोरडं, आणि निसरड्या दिवसाला पांढरं, त्यावर गोबऱ्या बाळाचं चित्र. त्या बाळाचा मला भारी राग यायचा. नको असलेल्या बाईच्या तक्त्यावरसुद्धा ते हसत बसलेलं असायचं.

तिकिटं पुरेत, थर्मामीटरची कटकट नको, असं मेलबर्नच्या केंद्रातून सांगितलेलं होतं. नोरीनने मानलं नाही. सकाळी जाग आल्याबरोबर, अंथरुणातून न उठता, रोज ठरलेल्या वेळेला तापमान घ्यायचं. अंडं सुटून गेलं की ते साधारण दोन-तीन दशांश अंशांनी चढतं आणि पाळीपर्यंत चढलेलंच राहतं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरचे असे लागोपाठ तीन दिवस दिसले, आणि निसरडं संपून तीन दिवस झाले, दोन्ही जुळलं, तरच मोकळीक. "एका साक्षीदारावर मी कोणाला फाशी देत नाही," असं ती म्हणायची.

लुर्डेस मिफ्सुद आमच्याकडे आली ती त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. एकोणतीस वर्षांची माल्टीज बाई, बारीक, ओठ किंचित निळसर. जिना चढून आली तर पाच मिनिटं बोलली नाही. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची एक झडप आवळून गेलेली. दुसऱ्या बाळंतपणात फुफ्फुसांत पाणी भरलं, फादरांनी मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावलं, आणि ती वाचली. चिठ्ठीत लिहिलं होतं की पुन्हा दिवस राहिले तर जगण्याची खात्री देता येत नाही, आणि रक्ताच्या गाठीच्या भीतीने गोळीही देता येत नाही.

"दुसरं काही वापरायचं मला मन होत नाही," ती म्हणाली. "साल्वूलाही नाही. आमच्या घरात ते चालत नाही. म्हणून तुमच्याकडे आले, मिसेस ट्यूही. एकच सांगा. हे शिकूनही दिवस राहतात अशा शंभरात किती?"

"नियम पाळले तर तीन," नोरीन म्हणाली. एका दमात. तेरा वर्षं ती हेच सांगत होती.

"आणि न पाळले तर?"

"तू पाळशील," नोरीनने तिचा हात थोपटला. लुर्डेसने मान हलवली. मी चहा ओतत होते, आणि मला आठवतंय, मलाही ते उत्तर चांगलं वाटलं.

इथे आमच्या फॉर्मबद्दल सांगायला हवं. दर महिन्याला मी केंद्रातल्या वरच्या बाईंना, मिसेस प्रेंडरगास्टना, एक फॉर्म पाठवायची. कुणाला दिवस राहिले की तीन चौकटींपैकी एकीत खूण. पहिली: पद्धत चुकली. दुसरी: शिकण्यात चूक झाली. तिसरी: जोडप्याने मूल होण्यासाठी पद्धत वापरली. आता या तिसऱ्या चौकटीत कोण जायचं? ज्यांना मूल हवं होतं त्या तर जायच्याच. पण निसरडा दिवस आहे हे माहीत असून जे नवरा-बायको जवळ आले, तेही तिथेच. माहीत होतं ना? मग मूल हवंच असणार. म्हणजे ते यश. सहा वर्षं मी त्या चौकटीत खुणा करत होते आणि माझ्या मनात एकदाही काही आलं नाही. याची मला आज लाज वाटते.

लुर्डेस पाळायची, यात वाद नाही. जून, जुलै, दोन तक्ते तिने असे भरले की नोरीनने ते दुसऱ्यांना दाखवायला मागितले. साल्वू वीजकेंद्रात पाळीवर, कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. बिचारा बूट काढायच्या आधी भिंतीवरचा तक्ता बघायचा. "बाळ हसतंय का आज?" असं विचारायचा, आणि हसत असलं की उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जायचा.

ऑगस्टमध्ये आमच्या चर्चची जत्रा होती. नोरीन केकच्या टेबलावर, दोन्ही हात चॉकलेटने आणि खोबऱ्याने माखलेले. मी ऑफिसातल्या फोनवर. लुर्डेसचा फोन आला, सतरावा दिवस आहे, विचारायचंय. मी रिसीव्हर लांब दोरीसकट खिडकीतून नोरीनच्या कानाला लावला.

"तीन वरची आली?" नोरीनने विचारलं. "आली. आणि निसरडं? तेराव्याला शेवटचं? मग चौदा, पंधरा, सोळा कोरडे. झालं तर. आज संध्याकाळपासून मोकळे. जा, नवऱ्याला सांग बाळाला सुट्टी आहे म्हणून." आणि शेजारच्या बाईकडे वळून, "तो केक नाही गं, तो मोडलेला."

एवढंच. मोजून अर्धं मिनिट.

मंगळवारी, विसाव्या दिवशी, लुर्डेस तक्ता घेऊन आली. नोरीनने तो उघडला आणि तिचे अंगठे थांबले. मी ते पाहिलं, म्हणून उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिले. पंधरा, सोळा, सतरा: छत्तीस सात, छत्तीस आठ, छत्तीस आठ. आणि पुढे अठराव्याला छत्तीस चार. एकोणिसाव्याला छत्तीस चार. आणि त्या दोन्हींवर, आणि आजच्या दिवसावरही, पांढरं तिकीट.

"हे काय?" नोरीनने विचारलं.

"पुन्हा निसरडं आलं. मला वाटलं असं होत असेल कधीकधी."

"त्या तीन दिवसांत तुला काय झालं होतं? ताप?"

"ताप नाही. सगळ्यांना सर्दी झाली होती घरात. अंग कसकसत होतं, एवढंच."

"आणि थर्मामीटर किती वाजता घेतलास?"

"साल्वूची दुपारची पाळी लागली ना. पोरंही आजारी, उशिरा झोपलेली. म्हणून साडेसातला. नेहमी साडेपाचला घेते, पण झोपेतून उठल्याबरोबरच घेतलं, खरंच."

दोन तास उशीर, त्यात सर्दी. तापमान त्यानेच चढलं होतं. अंडं सुटलंच नव्हतं. शरीराने सुरुवात केली, आजारपणात थांबलं, आणि आता पुन्हा तयारी करत होतं. तेराव्याचं निसरडं ही पहिली खेप, हे आताचं दुसरी. आणि सतराव्या रात्री? नोरीनने विचारलं नाही. लुर्डेसचा चेहरा लाल झाला होता, म्हणजे विचारायची गरज नव्हती. निसरडं असलं की पुरुषाचं बीज आत चार-पाच दिवस तग धरतं, हे त्या खोलीच्या भिंतीवरच लिहिलेलं होतं, माझ्या हस्ताक्षरात.

"चूक माझी," नोरीन म्हणाली. "मी तक्ता न बघता सांगितलं. आजारी होतीस का, वेळ बदलली का, हे विचारायचं असतं. पहिल्या वर्गात मी हेच शिकवते."

 लुर्डेसने हात छातीवर ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे आता?"

"आता थांबायचं. तापमान खरं चढलं की मोजायचं. बारा-पंधरा दिवसांत पाळी यायला हवी. अठरा दिवस वरच राहिलं तर..." 

बाविसाव्या दिवशी तापमान चढलं. यावेळी खरं. आणि त्या दिवसापासून नोरीनच्या घरचा फोन रोज सकाळी पावणेसहाला वाजू लागला. लुर्डेस एक आकडा सांगायची आणि ठेवून द्यायची. छत्तीस आठ. छत्तीस आठ. छत्तीस नऊ. नोरीन तो हातावर लिहायची आणि तशीच सायकलवर माझ्याकडे यायची. धुकं, कोळशाचा वास, आणि ही बाई दारात दम खात उभी. "चढलेलंच आहे, मर्ल." मी म्हणायची, "अगं चढलेलं राहणारच इतक्यात, तूच सांगतेस ना." ती म्हणायची, "माहीत आहे," आणि न बसता पुन्हा निघायची. कुठे जायची देव जाणे. एकदा मला ती रेल्वेच्या फाटकाशी दिसली, गाडी जाऊन पंधरा मिनिटं झाली असतील, फाटक उघडं, आणि ही अजून उभी.

गुरुवारी ती आली ती कार्डांचे तीन खोके घेऊन. "टाइपरायटर बाजूला ठेव," म्हणाली. "आपण मोजायचंय."

तेरा वर्षांतल्या ज्या बायका मूल नको म्हणून आल्या आणि वर्षभर टिकल्या किंवा वर्षाच्या आत दिवस राहिले, तेवढ्याच काढल्या. दोनशे सहा. त्यातल्या दिवस राहिलेल्या बाजूला. मी नावं वाचायची, ती फाइलमधला तक्ता उघडायची. एकही नियम न मोडता दिवस राहिलेल्या सहा निघाल्या. शंभरात तीन, बरोबर, ती खोटं बोलत नव्हती. पण बाजूचा गठ्ठा सहाचा नव्हता. त्रेचाळीस होता. शंभरात एकवीस.

"बाकीच्यांनी नियम मोडले ना पण," मी म्हणाले.

"का मोडले? वाच."

वाचलं. नवरा तीन आठवड्यांनी खाणीतून आला. चिकट होतं की निसरडं ते कळलं नाही. आई वारली त्या दिवशी. तो दारू पिऊन आला, नाही म्हणता आलं नाही. मेरी स्कॅलीच्या कार्डावर नोरीनच्याच अक्षरात: ‘कंटाळा आला होता.’ आणि जवळपास सगळ्यांच्या खाली, तिसऱ्या चौकटीत, खूण, गेल्या सहा वर्षांतली माझी टाइप केलेली: मूल होण्यासाठी वापर.

गठ्ठ्यात शेवटी एक कार्ड होतं, एकाहत्तर सालचं. मी नाव वाचायला तोंड उघडलं आणि गप्प झाले.

"वाच की," नोरीन म्हणाली. "ट्यूही. पाचवा, डेक्लन. तिसरी चौकट, मीच भरली." ती खिडकीशी गेली, परत आली. "मला मूल नको होतं, मर्ल. चार झाली होती, माझी पाठ मोडली होती. त्या रात्री मला माझा केविन हवा होता. दोन्ही एकच नाही. आणि मी लिहिलं, मूल हवं होतं म्हणून. आता डेक्लनकडे बघून तो नको होता असं कसं म्हणू? म्हणून बारा वर्षं मी ते खरंच मानत आले."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण ती हलत होती, जवळ कशी घेणार. मी म्हणाले, "आपल्याकडेच असं असेल."

तिने बॅगेतून एक वैद्यकीय मासिक काढून टेबलावर टाकलं. दोन वर्षांपूर्वीचं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत स्रावाची ही पद्धत तपासली होती, त्याचे आकडे. नियम तंतोतंत पाळले तर शंभरात तीनच्या आसपास. सगळ्या धरल्या तर विसाच्या वर. "हे माझ्याकडे दोन वर्षं आहे," ती म्हणाली. "मी पहिला आकडा पाठ केला."

शनिवारी, एकतिसाव्या दिवशी, ती लुर्डेसच्या घरी गेली आणि मला घेऊन गेली. लुर्डेस ओट्याशी पास्तिझीचं, म्हणजे माल्टाकडच्या चीजच्या करंज्यांचं, पीठ लाटत होती. साल्वू रात्रपाळी करून आलेला, टेबलाशी डोळे चोळत. नोरीनने बसायच्या आधीच सांगितलं. "तू मला विचारलंस न पाळले तर किती. मी उत्तर दिलं नाही. शंभरात एकवीस. माझ्याच हाताखाली शिकलेल्या बायकांतल्या."

लाटणं थांबलं.

"तीन म्हणाला होतात."

"तीन हा आकडा माणसं नसलेल्यांसाठी आहे. आजारी पडत नाहीत, ज्यांच्या कामाच्या पाळ्या बदलत नाहीत, एकमेकांसाठी झुरत नाहीत, त्यांच्यासाठी. आणि ज्यांची शिकवणारी चुकत नाही."

"हे मला मे महिन्यात सांगायचं होतंस!" लुर्डेस ओरडली. मला तिच्या निळसर ओठांची भीती वाटली. "मला दोन पोरं आहेत! मी तुझ्या तोंडाकडे बघून हो म्हणाले! तुला माहीत होतं आणि तू माझा हात थोपटलास!"

"हो," नोरीन म्हणाली.

"मग आता सांग ना! माझ्यासारखीनं काय करायचं?"

नोरीन अजून उभीच होती. तेरा वर्षं हेच शिकवत आलेली बाई, चर्चची, फादरांची, मिसेस प्रेंडरगास्टची. "तुझ्या जागी मी असते," ती म्हणाली, "तर एवढ्यावर माझा जीव टांगला नसता."

साल्वूने डोळ्यांवरचे हात काढले. कोणाकडे न बघता म्हणाला, "आमच्या फोरमनने करून घेतलंय. पुरुषाचं ऑपरेशन. वीस मिनिटांचं काम म्हणतात."

"साल्वू, पाप आहे ते," लुर्डेस म्हणाली, पण हळू.

"असेल. माझं असेल. तुला गाडायचं हे पुण्य आहे का?" आणि मग तो मोठमोठ्याने रडू लागला, पोरं दारात येऊन बघत राहिली.

त्यानंतरचे चार दिवस मी कधी विसरणार नाही. बत्तीस: छत्तीस आठ. तेहेतीस: छत्तीस आठ. चौतीस: छत्तीस नऊ, आणि त्या दिवशी नोरीन माझ्याकडे आलीच नाही, मीच तिच्याकडे गेले. ती अंगणात धुतलेले कपडे पुन्हा धूत होती. पस्तिसाव्या दिवशी सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात होते, फोन वाजला तेव्हा. पावणेसहा. तिने उचलला आणि पलीकडून आकडा आलाच नाही. नुसता श्वास. मग लुर्डेस म्हणाली, आणि मला तीन फुटांवरून ऐकू आलं, "छत्तीस चार. आणि आली."

नोरीन जमिनीवर बसली. खुर्ची बाजूलाच होती. मी म्हटलं ना, ती बसलेली मी कधी पाहिली नाही; त्या दिवशी पंधरा मिनिटं बसली, फोन मांडीत घेऊन.

त्या महिन्याच्या फॉर्मवर मी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पहिल्या चौकटीत टाइप केल्या आणि खाली माझं नाव घातलं. नोरीन म्हणाली, सगळ्या पहिलीत घालणंही खरं नाही. मी म्हणाले, सहा वर्षं तिसरीत घातल्या त्याचं काय? मिसेस प्रेंडरगास्टचं उत्तर दहा दिवसांत आलं: चर्चची खोली रिकामी करावी. नोरीनने वाचलं, घडी केली, आणि म्हणाली, "माझ्या गॅरेजात शेगडी बसवता येईल." पुढच्या मंगळवारी तिथे सात बायका आल्या. तिकिटं वाटायच्या आधी तिने दोन्ही आकडे सांगितले. दोघी उठून गेल्या. पाच राहिल्या.

साल्वूचा दिवस ऑक्टोबरात ठरला, ट्रॅरलगनच्या एका डॉक्टरांकडे. येताना त्याला गाडी चालवता येणार नव्हती, लुर्डेसला येत नव्हती, म्हणून नोरीन निघाली, आणि मी मागच्या सीटवर.  येताना साल्वू पुढे, पाय फाकवून, कुशीत बर्फाची पिशवी. अर्ध्या वाटेत त्याचा चेहरा जरा उजळला. म्हणाला, "झालं एकदाचं. आता घरी जाऊन तो तक्ता चुलीत घालतो. ते बाळ पहिलं."

"अजिबात नाही," नोरीन म्हणाली. "आत आधीचं शिल्लक असतं. डॉक्टरांनी तपासून स्वच्छ आहे म्हणेपर्यंत, तीन महिने तरी, तक्ता भरायचा. आणि फक्त चढल्यानंतरचे दिवस, आधीचे कोरडेसुद्धा नाहीत. सर्दी झाली, वेळ बदलली, तर ते तापमान धरायचं नाही. आणि फोनवर मी काही सांगणार नाही, तक्ता आणून दाखवायचा."

"आणि मग? तीन महिन्यांनी तर पक्कं ना?"

मी आरशातून नोरीनकडे पाहिलं. एक साधं हो म्हणायला काय हरकत होती? त्या माणसाने आजच्या दिवसात पुरेसं सोसलं होतं.

"हजारात एखाद-दुसरं चुकतं," नोरीन म्हणाली.

साल्वू तिच्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला, आणि हसताना दुखलं म्हणून शिव्या देत पुन्हा हसला. नोरीनचे डोळे भरून आले होते, पण गाडी तिने रस्त्यावर नीट ठेवली.

"लुर्डेसला तू सांगशील की मी सांगू?" तिने विचारलं.

"तूच सांग," तो म्हणाला. "तुझ्या तोंडून आता ती काहीही खरं मानते."